सोड्यात हळद लाल का होत नाही, आणि जास्वंद आधीच लाल का असते

प्रश्न: मुलीच्या सायन्स प्रोजेक्टसाठी हळद, लाल कोबी आणि जास्वंदीचे इंडिकेटर घरीच केले आणि तिन्ही लिंबू, साबण, खायचा सोडा यात टाकून बघितले. बेसमध्ये हळद लाल होते असं पुस्तकात आहे, पण आमच्या सोड्यात ती जेमतेम केशरी झाली आणि हँडवॉशमध्ये तर पिवळीच राहिली. कोबी सोड्यात निळा आणि अंगाच्या साबणात हिरवा आला, मग यातला बेस नक्की कोण? आणि जास्वंदीच्या सुकवलेल्या पाकळ्यांचं पाणी लिंबू टाकायच्या आधीच लालभडक होतं. कुठे चुकतंय?

उत्तर:

तुमचे रंग बरोबर आहेत, घोटाळा त्या "बेसमध्ये लाल होते" या वाक्यात आहे. ते वाक्य अर्धंच आहे. मी बरीच वर्षं मुलांकडून हे प्रयोग करून घेतोय आणि दर वेळी कोणीतरी हाच केशरी रंग घेऊन येतं आणि आपलं चुकलं असं समजून सोडा वाढवत बसतं. खरा मुद्दा असा आहे की प्रत्येक इंडिकेटरचा स्वतःचा एक उंबरठा असतो. द्रावण ॲसिड आहे की बेस एवढ्यावर तो रंग बदलत नाही, त्याचा उंबरठा ओलांडला गेला की मगच बदलतो, आणि हळद, कोबी, जास्वंद या तिघांचे उंबरठे वेगवेगळ्या जागी आहेत.

थोडे आकडे सांगतो, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. पीएच 7 म्हणजे न्यूट्रल, खाली ॲसिड, वर बेस. लिंबाचा रस साधारण 2 ते 2.5, खायच्या सोड्याचं पाणी 8.3 च्या आसपास, आणि खऱ्या अंगाच्या साबणाचं पाणी 9 ते 10. आता हळदीचा उंबरठा साधारण 7.5 पासून 8.5 च्या थोडा पुढेपर्यंत पसरलेला आहे. म्हणजे सोडा बरोब्बर उंबरठ्यावर उभा आहे, एक पाय आत एक पाय बाहेर, म्हणून केशरी. साबण उंबरठा ओलांडून आत गेलाय म्हणून तिथे विटकरी लाल. बेस दोघंही आहेत, फक्त साबण जास्त जोरात आहे, आणि किती जास्त ते लक्षात घ्या, पीएचची एक पायरी म्हणजे दहा पट, त्यामुळे 8.3 आणि 9.5 हे आकडे जवळजवळ वाटले तरी फरक दहा पटींच्या वर जातो. तुमचा कोबी तेच सांगत होता, सोड्यात निळा आणि साबणात हिरवा. खरं तर तिघांत जास्तीत जास्त माहिती त्यानेच दिली.

मग सोडा वाढवला तर हळद लाल का होत नाही? हा भाग मला या सगळ्या प्रयोगात सगळ्यात जास्त आवडतो, कारण इथे मुलं पहिल्यांदा विचारात पडतात. सोडा पाव चमचा टाका नाहीतर चार चमचे टाका, पाण्याचा पीएच 8.3 च्या आसपासच राहतो. सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, आणि बायकार्बोनेट दोन्ही बाजूंनी खेळतं, ॲसिड आलं तर बेससारखं वागतं आणि बेस आलं तर ॲसिडसारखं, त्यामुळे ते स्वतःलाच एका जागी धरून ठेवतं. पाण्यात जास्त सोडा म्हणजे ॲसिड पचवायची ताकद जास्त, पण जोर तेवढाच. ताकद आणि जोर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मुलीला इथेच दाखवता येईल.

आता हे करून बघा. एका वाटीत अर्धा कप पाणी आणि एक छोटा चमचा सोडा, ढवळून बाजूला ठेवून द्या. तेवढंच पाणी आणि तेवढाच सोडा स्टीलच्या भांड्यात घेऊन दहा-बारा मिनिटं चांगलं उकळू द्या, पाणी कमी झालं तर पुन्हा अर्धा कप होईल एवढं टाका, आणि पूर्ण गार करा. उकळताना बारीक बुडबुडे सुटत राहतात, ते सगळे वाफेचे नसतात, त्यात कार्बन डायऑक्साइड पण असतो. बायकार्बोनेट तापलं की कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि मागे सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा उरतो. दहा मिनिटांत सगळं बदलत नाही, पण जेवढं बदलतं तेवढ्याने पीएच वर सरकतो. आता दोन्हींत हळदीच्या पट्टीचा एकेक तुकडा बुडवा, पट्टी कशी करायची ते पुढे सांगतो. न उकळलेल्यात पिवळट केशरी, उकळलेल्यात विटकरी लाल. कोबीचं पाणी टाकलंत तर पहिल्यात निळा आणि दुसऱ्यात हिरव्याकडे झुकलेला. सोडा तोच, मोजमाप तेच, रंग वेगळा. मी हा प्रयोग नेहमी शेवटी ठेवतो, कारण तोपर्यंत मुलांनी "सोडा = केशरी" असं पाठ केलेलं असतं आणि ते इथे मोडतं. पाणी गार झाल्याशिवाय मात्र मुलीला हात लावू देऊ नका, आणि उकळलेलं पाणी साध्या सोड्यापेक्षा कडक असतं, डोळ्यात उडता कामा नये.

रंग यावरही अवलंबून आहे की तुम्ही हळद कशी वापरली. हळदीतला रंग म्हणजे कर्क्युमिन, आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. नुसती हळद पाण्यात कालवली तर रंग कणांमध्येच अडकून राहतो, तळाशी बसतो, आणि बदल पुसट आणि हळू दिसतो. मी अर्धा छोटा चमचा हळद साधारण 30 मिली स्पिरिटमध्ये टाकतो, जखम पुसायचं स्पिरिट चालतं, नीट ढवळून पंधरा मिनिटं न हलवता ठेवतो आणि वरचं स्वच्छ पिवळं पाणी दुसऱ्या वाटीत ओतून घेतो. गॅस पेटलेला असताना हे करू नका, स्पिरिट लगेच पेट घेतं. त्यात गाळण कागदाच्या पट्ट्या बुडवून सावलीत वाळवायच्या. साधा प्रिंटरचा कागद टाळा. बऱ्याच छपाईच्या कागदात पांढरेपणासाठी खडूसारखं कॅल्शियम कार्बोनेट भरलेलं असतं, म्हणजे कागद स्वतःच थोडा बेसिक असतो, आणि मग कोबीची पट्टी काही न लावताच निळी पडते आणि माणूस कारण भलतीकडेच शोधत बसतो.

हळदीची अजून एक मर्यादा, ती ॲसिड ओळखतच नाही. लिंबात पिवळी, साध्या पाण्यात पण पिवळी, त्यामुळे "लिंबात बदल नाही" एवढ्यावरून लिंबू ॲसिड आहे असं म्हणता येत नाही. पण एक युक्ती आहे. पट्टीला आधी साबणाचं पाणी लावून लाल करा आणि मग त्या लाल डागावर लिंबाचा थेंब सोडा. डाग परत पिवळा होतो. साध्या पाण्याच्या थेंबाने तो असा झटकन जात नाही, त्यामुळे शेजारी पाण्याचा थेंब टाकून तुलना दाखवता येते, आणि अशा प्रकारे हळदीकडून ॲसिडबद्दल थोडंफार वदवून घेता येतं.

हँडवॉशचं कोडं सोपं आहे. बहुतेक लिक्विड हँडवॉश, शाम्पू, आणि "साबण" म्हणून विकल्या जाणाऱ्या काही वड्यासुद्धा रसायनशास्त्राच्या भाषेत साबण नसतात, त्यात डिटर्जंट असतं आणि पीएच मुद्दाम त्वचेला सोसेल असा, साधारण 5 ते 7 मध्ये ठेवलेला असतो. हळद तिथे पिवळी राहणारच. मागच्या लेबलवर बघा, सोडियम पामेट, सोडियम कोकोएट, सोडियम टॅलोएट अशी नावं पहिल्या दोन-तीनात असतील तर तो खरा साबण, आणि सोडियम लॉरेथ सल्फेटसारखी नावं असतील तर डिटर्जंट. खरा साबण बेसिक का असतो? तो तेलातलं फॅटी ॲसिड आणि कॉस्टिक सोडा यांच्यापासून बनतो, फॅटी ॲसिड दुबळं आणि कॉस्टिक जबरदस्त, त्यामुळे पाण्यात गेल्यावर साबणाचा फॅटी भाग पाण्याकडून हायड्रोजन ओढून घेतो आणि मागे हायड्रॉक्साइड सोडतो. याची खूण डोळ्यांनी पण दिसते. साबणाच्या पाण्यात लिंबू पिळलं की पांढऱ्या गुठळ्या येतात, दूध नासल्यासारख्या, ते सुटं झालेलं फॅटी ॲसिड. हँडवॉशमध्ये लिंबू पिळून बघा, सहसा असं काही होत नाही. माझ्या मते प्रोजेक्टमध्ये वडीचा साबण आणि हँडवॉश असे दोन वेगळे रकाने ठेवावेत, "साबण" असा एकच रकाना ठेवला तर बघणाऱ्याची फसगत होते.

आता जास्वंद. तुम्ही सुकवलेल्या पाकळ्या लिहिलंय, आणि मला जवळजवळ खात्री आहे की त्या बागेतल्या जास्वंदीच्या नसाव्यात. पाकिटात "हिबिस्कस" म्हणून जे गडद लाल सुकवलेलं मिळतं ते बहुतेक वेळा लाल अंबाडीच्या फळाभोवतीचं मांसल आवरण असतं, हिबिस्कस सबडारिफा. जास्वंद म्हणजे हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस. कुटुंब एक, वनस्पती वेगळ्या. आणि अंबाडीचं ते आवरण आंबट असतं, त्यात स्वतःचीच भरपूर ॲसिड्स असतात, पाण्यात टाकलं की पाण्याचा पीएच 3 च्या आसपास येतो. म्हणजे तुमच्या इंडिकेटरमध्ये लिंबू टाकायच्या आधीच "लिंबू" होतं. मग लिंबाने बदल कुठून दिसणार? ओळखायची खूण अशी, त्या पाण्याचा एक थेंब जिभेला लावा (विकत आणलेलं पाकीट खाण्याचं असेल आणि स्वच्छ भांड्यात केलं असेल तरच), आंबट लागलं तर अंबाडी. चव घ्यायची नसेल तर चिमूटभर सोडा टाका, फसफसलं तर पाण्यात ॲसिड आहे. फेकून देऊ नका मात्र. त्याच पाण्यात सोडा चिमटी चिमटीने टाकत गेलात तर लाल हळूहळू फिका पडत जातो, मग जांभळट होतो, मग निळसर-हिरवट. फसफस थांबेपर्यंत किती चिमट्या लागल्या ते मोजून ठेवलं तर अंबाडीत ॲसिड किती याचा कच्चा अंदाज त्यातून मिळतो, आणि हा एक वेगळाच प्रयोग झाला.

खरी जास्वंद करायची असेल तर पाच-सहा ताजी गडद लाल फुलं घ्या, फक्त पाकळ्या, खालचा हिरवा भाग आणि मधला दांडा काढून टाका, अर्धा कप गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि गाळा. पाणी थोडं चिकट येतं, ते तसंच असतं. रंग जांभळट-मळकट, काहीसा फिका दिसेल, आणि इथे बरेच जण समजतात की अर्क उतरलाच नाही. उतरलेला असतो. जास्वंदीतला रंग अँथोसायनिन, तो जोरदार ॲसिडमध्ये लाल असतो, पण पीएच 4 ते 6 च्या पट्ट्यात त्याचा बराचसा भाग पाण्याचा रेणू धरून रंगहीन होऊन बसतो. लिंबाचे चार थेंब टाकले की तो परत लाल होतो, फिक्या पाण्यातून एकदम गडद गुलाबी उठून येतो, आणि म्हणून जास्वंद लिंबासाठी फार छान. सोड्यात ती हिरवट होते, साबणात जास्त हिरवी. हिरवा का, निळा का नाही? पाकळ्यांत फिकी संयुगं पण असतात जी बेसमध्ये पिवळी पडतात, निळा अधिक पिवळा म्हणजे हिरवा. रॉबर्ट बॉईलने 1664 साली व्हायोलेट फुलांच्या अर्काबद्दल हेच लिहून ठेवलंय, ॲसिडमध्ये लाल आणि अल्कलीमध्ये हिरवा, त्यामुळे तुमच्या मुलीच्या हातात आहे तो प्रयोग साडेतीनशे वर्षांपेक्षा जुना आहे.

लाल कोबीतही अँथोसायनिनच असतं पण त्याच्या रेणूला जादा फांद्या जोडलेल्या असतात, त्या रंगाच्या भागावर झाकणासारख्या येतात आणि पाण्याला तिथे चिकटू देत नाहीत. म्हणून कोबी मधल्या पट्ट्यातही फिका पडत नाही, लाल, गुलाबी, जांभळा, निळा, हिरवा असा सलग उतरत जातो आणि फारच कडक बेसमध्ये पिवळा. साधारण 100 ग्रॅम कोबी बारीक चिरून दोन कप गरम पाण्यात पंधरा मिनिटं, गाळून घ्या. भांडं काचेचं किंवा स्टीलचं, ॲल्युमिनियम आणि लोखंड नको, धातूचे आयन अँथोसायनिनला चिकटून रंग निळा करतात आणि मग तो निळा बेसचा की भांड्याचा ते कळत नाही. पाणी जड असेल तर अर्क जांभळ्याऐवजी निळसरच उतरतो, कारण जड पाण्यात स्वतःचंच बायकार्बोनेट असतं. आरओ फिल्टरचं किंवा डिस्टिल्ड पाणी घ्या, नाहीतर जांभळा होईपर्यंत लिंबाचा एखादा थेंब टाकून मग सुरुवात करा आणि तसं वहीत लिहा.

म्हणूनच साध्या पाण्याचा एक कप कधीही गाळू नका. एकदा माझ्याकडच्या मुलांच्या एका गटाला सगळ्या कपात, अगदी साध्या पाण्याच्या कपातही, कोबी हिरवट दिसत होता, आणि अर्धा तास आम्ही अर्काला दोष देत होतो. शेवटी कळलं की कप आदल्या दिवशी भांडी घासायच्या वडीने घासून नीट विसळले नव्हते, त्या वडीत बहुतेक वेळा धुण्याचा सोडा असतो आणि आत पातळ थर राहिला तरी पुरतो. तो पाण्याचा कप नसता तर सगळे निकाल चुकीचे लिहिले गेले असते आणि कोणाला पत्ताही लागला नसता.

चाचणी करताना प्रत्येक पांढऱ्या कपात एक छोटा चमचा, म्हणजे 5 मिली, इंडिकेटर घ्या. लिंबाचे पाच थेंब. सोड्यासाठी पाव चमचा सोडा दोन मोठे चमचे पाण्यात विरघळवून त्यातलं 5 मिली. साबण पांढरा आणि शक्यतो बिनरंगी, वाटाण्याएवढा किसून दोन मोठे चमचे कोमट पाण्यात, फेस न करता, कारण फेसामुळे आणि दुधाळपणामुळे रंग फिका दिसतो. बेकिंग पावडर चुकूनही घेऊ नका, त्यात सोड्याबरोबर कोरडं ॲसिड मिसळलेलं असतं, पाण्यात फसफसते आणि जवळपास न्यूट्रल होऊन बसते, "सोड्यात काहीच झालं नाही" म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या हातात पावडरच असते.

फोटो पहिल्या दोन-तीन मिनिटांत काढा, पाण्याचा कप त्याच फ्रेममध्ये ठेवून. हळदीचा लाल बेसमध्ये टिकत नाही कारण कर्क्युमिन तिथे हळूहळू तुटतं, थोड्या वेळाने मळकट पिवळट होतं. कोबीचा साबणातला हिरवा पण पिवळ्याकडे सरकतो, आणि एकदा नीट पिवळा झाला की लिंबू टाकूनही पहिल्यासारखा लाल मिळत नाही, रेणूच उघडला गेलेला असतो. रात्री केलेला प्रयोग सकाळी दाखवायचा असेल तर अर्क राखून ठेवा आणि रंग तिथल्या तिथे करा. कोबीचा अर्क फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस बरा राहतो, मग वास मारायला लागतो, त्यामुळे मी तो बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवतो आणि लागेल तसा एकेक क्यूब वितळवतो. जास्वंदीचा मात्र त्याच दिवशी करून त्याच दिवशी वापरा.

तक्त्यात हळद आणि सोड्याच्या चौकोनात "लाल" लिहायचा मोह होईल, पुस्तकात तसं आहे म्हणून. तिथे "केशरी" लिहा आणि बाजूलाच उकळलेल्या सोड्यातल्या लाल पट्टीचा फोटो चिकटवा.